घड्याळ थांबवायचं कधी? एक झाडूवाला पोरगा, जालन्याची सीडी आणि आमच्या सूसच्या गच्चीची गोष्ट

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना जे बोललो तेच थोडं नीट करून इथे दिलंय.)

आजचा एपिसोड थोडा घरगुती आहे, कारण सुरुवात माझ्याच बिल्डिंगच्या गच्चीवरून होते. मी सूसला राहतो. पाषाणकडून खिंड ओलांडली की लागतं तेच सूस. दहा वर्षांपूर्वी इथे शेतं होती, आता टॉवर आहेत, आणि टॉवर म्हटलं की सोसायटी आली, सोसायटी म्हटली की भांडणं आली.

तर झालं असं. 2024 च्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसातच आमच्या वरच्या मजल्यावरच्या चार घरांत पाणी गळायला लागलं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग वर्षभरापूर्वीच झालेलं, पैसे पूर्ण दिलेले. ठेकेदार 20 जूनला येऊन गच्ची बघून गेला आणि त्याच संध्याकाळी कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याने लिहिलं की मागच्या कोपऱ्यातला उतार अर्धवट राहिलाय, पाऊस थांबला की करून देतो. म्हणजे चूक कबूल! आम्ही सगळ्यांनी अंगठे दाखवले आणि विषय सोडून दिला.

सप्टेंबरमध्ये गडी फिरला. म्हणाला, गळती माझ्या कामामुळे नाहीच, तुमच्या सोलर पॅनेलवाल्याने भोकं पाडली. 22 सप्टेंबरला रविवारी आमची मीटिंग बसली. मी ऐटीत म्हटलं, "थांबा, त्याचा मेसेजच दाखवतो," आणि फोन वर-खाली करत बसलो. मेसेज नव्हता. ग्रुपला 90 दिवसांचं डिसअपिअरिंग लावलेलं होतं, कारण मागे कुणाच्या तरी फोनची मेमरी भरली होती. 20 जूनपासून नव्वद दिवस मोजा. 18 सप्टेंबर. आम्ही चार दिवसांनी हरलो होतो.

त्या रात्री मी हा विषय वाचायला घेतला. आणि कळलं की ज्याला इंग्रजी वकिली भाषेत लिटिगेशन होल्ड म्हणतात, त्याची गोष्ट मोबाईलपेक्षा फार जुनी आहे.

झाडूवाला पोरगा आणि सोनार

1722 चं लंडन. धुराड्यांची साफसफाई करणाऱ्या एका पोराला एक दागिना सापडला. किंमत कळावी म्हणून तो सोनाराच्या दुकानात गेला. दुकानातल्या शिकाऊ माणसाने वजन करायचं निमित्त करून त्यातले खडे काढून घेतले आणि नुसतं कोंदण परत दिलं. पोरगं कोर्टात गेलं. आता प्रश्न असा, की खडे समोर नाहीत, मग किंमत ठरवायची कशी? न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं की सोनाराने खडे आणून दाखवले नाहीत, तर त्या कोंदणात बसतील असे सगळ्यात उत्तम प्रतीचे खडे होते असं धरा आणि तेवढी भरपाई द्या.

या खटल्याचं नाव आर्मरी विरुद्ध डेलामिरी. इथे जो विचार आहे तो एका वाक्यात असा: पुरावा तुझ्या ताब्यात होता, तू तो दाखवत नाहीस, मग तो तुझ्या विरोधातच होता असं आम्ही मानू. हाच विचार 1872 च्या आपल्या पुरावा कायद्यात कलम 114 च्या एका उदाहरणात आला, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम 119 मध्ये आहे. कोर्टाने असं मानलंच पाहिजे असं नाही, पण मानू शकतं.

आता सोनाराने खडे मुद्दाम काढले. पण कुणीच काही काढलं नाही, मशिनने ठरलेल्या वेळी आपोआप पुसलं, तर? आमच्या ग्रुपमध्ये कुणीही वाईट हेतूने बटण दाबलं नव्हतं. हा प्रश्न मोठ्या गाजावाजाने समोर आला तो न्यूयॉर्कमध्ये.

लॉरा झुबुलाके आणि बॅकअपच्या टेप

लॉरा झुबुलाके या यूबीएस वॉरबर्ग नावाच्या बँकेत शेअर विक्रीच्या विभागात होत्या. बाई म्हणून आपल्याला डावललं जातं, अशी तक्रार त्यांनी ऑगस्ट 2001 मध्ये सरकारी आयोगाकडे केली. ऑक्टोबरमध्ये त्यांना कामावरून काढलं. मग खटला.

बँकेतले ईमेल रोज टेपवर साठवले जायचे. या टेपचं वेळापत्रक ठरलेलं होतं: रोजची टेप वीस कामाचे दिवस ठेवायची, आठवड्याची एक वर्ष, महिन्याची तीन वर्षं. मुदत संपली की टेप पुन्हा वापरात. यात लबाडी काही नव्हती. सगळ्याच कंपन्या तेव्हा असंच करायच्या, आजही करतात. सगळंच कायम ठेवायला जागा कुठून आणणार?

पण वाद सुरू झाल्यावरही हे चक्र फिरत राहिलं. वकिलांनी ऑगस्ट 2001 मध्येच कर्मचाऱ्यांना काही पुसू नका असं सांगितलं होतं. तरी काहींनी मेल पुसले, आणि टेपचा उल्लेख त्या सूचनेत नव्हता, म्हणून काही टेप गेल्याच. न्यायाधीश होत्या शिरा शाइंडलिन. त्यांनी 2003 आणि 2004 च्या निकालांत जे लिहिलं ते पुढे जगभर उद्धृत झालं. एक, खटला होणार असा रास्त अंदाज आला की नेहमीची पुसापुशी थांबवायची आणि संबंधित कागद-मेल राखून ठेवायचे. दोन, नुसतं पत्र काढून वकिलाचं काम संपत नाही. ज्यांच्याकडे पुरावा असणार अशा माणसांशी बोलायचं, आठवण करून द्यायची, लक्ष ठेवायचं.

मला सगळ्यात आवडला तो तारखेचा मुद्दा. घड्याळ कधी थांबवायला हवं होतं? तक्रार आली त्या ऑगस्टमध्ये? शाइंडलिन म्हणाल्या, नाही, त्याच्याही आधी, एप्रिल 2001 मध्ये. कारण त्या महिन्यात बँकेतले लोक झुबुलाकेंबद्दलच्या आपसातल्या मेलच्या विषयात "वकील-अशील गोपनीय" अशा अर्थाचं लिहायला लागले होते, तेही त्या मेलमध्ये कुणी वकील नसताना! म्हणजे ही बाई कोर्टात जाणार हे त्यांच्या मनात होतं. मनात आलं त्या दिवशी जबाबदारी सुरू झाली. समन्स नंतर आलं तरी चालतं, समन्सची वाट बघणं चालत नाही.

ज्युरीला सांगण्यात आलं की गेलेले मेल बँकेच्या विरोधातले होते असं तुम्ही मानू शकता. म्हणजे परत तोच 1722 चा सोनार. एप्रिल 2005 मध्ये ज्युरीने झुबुलाकेंना सुमारे 2 कोटी 93 लाख डॉलर द्यायला सांगितलं.

आता आपल्याकडे: जालना

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेत. मग चला जालन्याला.

2014 ची विधानसभा निवडणूक. जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल हरले. तक्रार अशी होती की खोतकरांचे उमेदवारी अर्ज 27 सप्टेंबर 2014 ला दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले. दुसऱ्या दिवशी छाननीच्या वेळी हरकत घेतली गेली, ती फेटाळली गेली, आणि निकालानंतर प्रकरण हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेलं.

पुरावा काय? निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आत आणि बाहेर व्हिडिओ कॅमेरे लावलेले होते. तीन वाजता कोण कुठे होतं, हे त्यात होतं. 21 मार्च 2016 ला हायकोर्टाने हे रेकॉर्डिंग आणि निवडणुकीचे सगळे कागद हजर करायला सांगितलं. जरा हिशेब करा. हरकतीपासून त्या आदेशापर्यंत 540 दिवस. सोसायटीच्या लॉबीतल्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर साधारण पंधरा दिवसांनी जुन्यावर नवं चढवतो असं धरलं, तर तेवढ्या काळात तो छत्तीस वेळा पुसून झाला असता. इथे मात्र चित्रीकरण सीडीवर घेऊन ठेवलेलं होतं, म्हणून ते कोर्टापर्यंत पोचलं.

पण पोचल्यावर दुसरी अडचण. सीडी ही नक्कल. नक्कल कोर्टात चालायला एक प्रमाणपत्र लागतं, तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 65 ब खाली. कोणत्या यंत्रातून, कशी काढली, यंत्र तेव्हा नीट चालत होतं का, हे त्यात लिहून सही करायची. अधिकाऱ्यांकडे ते पुन्हा पुन्हा मागितलं गेलं, मिळालं नाही. हायकोर्टाने निवडणूक अधिकाऱ्यांची साक्ष घेऊन तेवढ्यावर भागवलं आणि 24 नोव्हेंबर 2017 ला निवडणूक रद्द ठरवली.

सुप्रीम कोर्टाचा निकाल आला 14 जुलै 2020 ला, न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी लिहिलेला. त्यांनी सांगितलं की नक्कल असेल तर प्रमाणपत्र हवंच, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र ज्याने शक्य ते सगळं करूनही त्याला प्रमाणपत्र मिळत नाही, त्याला कायदा अशक्य गोष्ट करायला लावत नाही. त्यामुळे अपील फेटाळलं गेलं. आणखी एक कामाची गोष्ट: मूळ यंत्रच कोर्टात आणलं, म्हणजे ज्याचा फोन वा लॅपटॉप आहे त्यानेच साक्षीत ते दाखवलं, तर प्रमाणपत्र लागत नाही.

आता आपल्या विषयाचा गाभा त्याच निकालाच्या शेवटी आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. मोबाईल कंपन्यांना कॉलचे तपशील ठरावीक काळच ठेवावे लागतात. तेव्हा परवान्यात ती मुदत एक वर्षाची होती, 2021 च्या डिसेंबरमध्ये ती दोन वर्षं झाली. पण खटला वर्षभरात थोडाच संपतो! आरोपीला बचावात कॉलची नोंद हवी असते तोवर ती गेलेली. म्हणून कोर्टाने कंपन्यांना आणि इंटरनेट पुरवणाऱ्यांना सर्वसाधारण निर्देश दिला की तपासात एखादी नोंद जप्त झाली असेल, तर त्या काळातल्या संबंधित नोंदी वेगळ्या काढून सुरक्षित ठेवा. झुबुलाकेंच्या खटल्यातल्या वाक्याशी ताडून बघा. नेहमीचं चक्र चालू द्या, पण वादातला भाग त्यातून बाहेर काढा. मर्यादाही लक्षात घ्या: हा निर्देश फौजदारी खटल्यांपुरता आणि नियम होईपर्यंतचा आहे. गच्चीच्या भांडणात तो आपल्या मदतीला येत नाही. तिथे आपलं आपणच बघायचं.

आणि हे फक्त छोट्या लोकांचं होतं असं नाही. एपिक विरुद्ध गूगल या खटल्यात निघालं की गूगलच्या आतल्या चॅटमध्ये इतिहास बंद असेल तर मेसेज 24 तासांत जातात, आणि वाद सुरू झाल्यावर तो इतिहास चालू ठेवायचा की नाही हे ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं होतं. मार्च 2023 मध्ये न्यायाधीश जेम्स डोनाटो यांनी याबद्दल कंपनीला दोष दिला.

परत सूसला

त्या रविवारी रात्री मी खजिनदार काकांकडे गेलो. निवृत्त बँकवाले, शिस्तीचे.

"काका, ठेकेदाराने सोसायटीच्या मेलवर फोटो पाठवले होते ना?"

"पाठवले होते रे. पण जागा भरली होती, पंधरा जीबी. मोठमोठ्या फाइलींचे मेल मी एकतीस ऑगस्टला उडवले."

मला घामच फुटला. पण जीमेलमध्ये उडवलेला मेल आधी ट्रॅशमध्ये जातो आणि तिथे 30 दिवस राहतो. 31 ऑगस्टचा मेल 30 सप्टेंबरला जाणार. आज 22. आठ दिवस शिल्लक! आम्ही तिथल्या तिथे ट्रॅश उघडला. अकरा मेल होते, कामाच्या आधीचे-नंतरचे फोटो, बिल, आणि कोणत्या भागात किती थर देणार याची यादी. ते सगळे परत इनबॉक्समध्ये आणले, त्यांना एक लेबल लावलं. मग गूगल टेकआउट वापरून त्या लेबलचे मेल एका फाइलमध्ये उतरवले. आणि सोसायटीच्या जुन्या विंडोज लॅपटॉपवर एक ओळ चालवली:

```
certutil -hashfile gacchi.mbox SHA256
```

यातून अक्षर-आकड्यांची एक लांब ओळ मिळते. तिला हॅश म्हणतात, समजा फाइलीचा अंगठ्याचा ठसा. फाइलीत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा बदलतो. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात हा हॅश लिहावा लागतो, म्हणून तो त्याच दिवशी काढून, तारीख घालून, कमिटीच्या वहीत लिहिला. पेन ड्राइव्ह काकांच्या कपाटात.

व्हॉट्सअ‍ॅपचं मात्र सोपं नव्हतं. आधी मी पटकन ग्रुपचं डिसअपिअरिंग बंद केलं आणि वाटलं, सुटलो. इथेच बहुतेक लोक फसतात. ते बंद केल्याने फक्त पुढचे मेसेज राहतात. जे मेसेज टायमर चालू असताना आले, त्यांचं घड्याळ टिकटिकतच राहतं. म्हणून जुलैपासूनचे शिल्लक मेसेज एकेक करून "Keep" करावे लागले. त्यातही मेसेज पाठवणारा ते रद्द करू शकतो, त्यामुळे चॅट एक्स्पोर्टही केली आणि महत्त्वाच्या मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेसकट घेतले. स्क्रीनशॉट कच्चा पुरावा आहे, कारण तो बनवता येतो. म्हणून जालन्यातला धडा: ज्या फोनवर मूळ मेसेज आहे तो फोन विकायचा नाही, रीसेट करायचा नाही. सेक्रेटरी ताईंचा दिवाळीला नवा फोन घेऊन जुना एक्स्चेंजमध्ये द्यायचा बेत होता. नवा घेतला, जुना कपाटात ठेवला.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम केली नाही. कुणाचेही सगळे फोन, सगळे मेल मागितले नाहीत. कामाशी संबंध असलेली पाच माणसं, मे 2023 पासूनचा काळ, आणि गच्चीचा विषय, एवढंच. राखून ठेवणं म्हणजे सगळं साठवणं नव्हे. पाच जणांना लेखी कळवलं की या विषयातलं काही पुसू नका, आणि दर महिन्याला आठवण केली. प्रकरण मिटलं की त्यांना तसंही लेखी कळवायचं, नाहीतर लोक आयुष्यभर घाबरून काही पुसत नाहीत.

आपल्यापैकी बरेच जण रोज सूसहून हिंजवडीला जातात. तुमच्या कंपनीत मायक्रोसॉफ्टचं मेल असेल तर हेच काम अ‍ॅडमिन एका ओळीत करतो:

```
Set-Mailbox sachiv@example.com -LitigationHoldEnabled $true
```

यानंतर त्या माणसाने मेल पुसला तरी त्याची प्रत आत लपलेल्या फोल्डरमध्ये राहते. लागू व्हायला काही तास लागू शकतात, म्हणून उद्यावर टाकू नये. सगळ्यात जास्त पुरावा जातो तो नोकरी सोडणाऱ्यांचा. खातं काढून टाकलं की मेलबॉक्स फक्त 30 दिवस परत मिळवता येतो. होल्ड त्याच्या आधी लागायला हवा.

आमच्या गच्चीचं पुढे काय झालं? वकिलांनी नोटीस पाठवली, सोबत ते मेल जोडले. यादीत मागच्या कोपऱ्याला तीन थर लिहिले होते, फोटोत दोनच दिसत होते. ठेकेदार तडजोडीला आला. मजुरी त्याची, माल आमचा, असं ठरलं. जवळपास अर्धा खर्च आमच्या अंगावर पडला. वकील म्हणाले, तो जूनचा कबुलीचा मेसेज हातात असता तर अर्धा कशाला दिला असता? आम्ही पाच जण त्या मेसेजबद्दल साक्ष देऊ शकत होतो, पण पाच शेजाऱ्यांची आठवण आणि समोरच्याचे स्वतःचे शब्द यांत फरक आहे.

मी परत कॅलेंडर घेऊन बसलो. आम्ही जागे झालो 22 सप्टेंबरला. पण ठेकेदाराने 5 ऑगस्टलाच ग्रुपवर लिहिलं होतं, "जमत नसेल तर वकिलाशी बोला." आमचा एप्रिल 2001 तो होता. त्या दिवशी जूनचा मेसेज जिवंत होता, अजून 44 दिवस. आम्ही त्या वाक्यावर हसण्याचे इमोजी टाकले आणि झोपलो.

तुमच्या ग्रुपवर असं वाक्य कुणी लिहिलं, तर इमोजीच्या आधी टायमर बघा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, गच्ची सांभाळा!